टाक्याचा हिशेब

घनफळाची उदाहरणे मी तीस वर्षे मुलांकडून सोडवून घेतली. त्यामुळे रामदासपेठेतील आमच्या अंगणात पाण्याचे भूमिगत टाके बांधावयाचे ठरले, तेव्हा त्याचा हिशेब दुसऱ्या कोणास सांगण्याची गरज मला भासली नाही. घरात माणसे बारा. भारतीय मानकांप्रमाणे दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, म्हणजे दिवसाचे १६२० लिटर झाले. पेंच वा कन्हानकडून येणारे पाणी दुरुस्तीसाठी बंद राहिले तर दोन दिवसांची बेगमी असावी, म्हणून ३२४० लिटर. एका घनमीटरात हजार लिटर मावतात, तेव्हा १.८ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व १.२ मीटर खोल अशी मापे मी मिस्त्रीच्या हाती दिली. गुणाकार बिनचूक होता.

पुढच्याच उन्हाळ्यात नळ दोन दिवस बंद राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पंप नुसता घरघरतो आहे, पाणी येत नाही." मी झाकण काढून पाहिले, तो तळाशी चांगले वीतभर पाणी होते!

मग मोजपट्टी घेऊन टाक्यात उतरलो. पाणी वर खेचणाऱ्या नळीचा फुटव्हॉल्व्ह तळापासून १५ सेंटिमीटर उंच होता. तो तसाच असावा लागतो, नाही तर तळचा गाळ पंपात जातो. वरच्या बाजूस बॉलकॉक छताखाली २० सेंटिमीटरवर नळ बंद करीत होता. तेही योग्यच, कारण आत येणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात बुडता कामा नये. म्हणजे १.२ मीटरांपैकी उपयोगाची खोली अवघी ०.८५ मीटर. तळाचे क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर, त्यास ०.८५ ने गुणले म्हणजे २२९५ लिटर, अर्थात जेमतेम चौतीस तास. मी टाके मोजले होते, पाणी मोजले नव्हते. खोली १.५५ मीटर ठेविली असती तर भागले असते.

चिरंजीवांनी तळ फोडून टाके खोल करण्याची सूचना केली. मिस्त्रीने मान हलविली. आमच्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यात फोडलेला तळ पुन्हा जोडला तरी सांधा गळण्याची भीती फार. आणि तो बाहेर गळतो, तसाच बाहेरचे घाण पाणी आतही घेतो.

तूट होती ९४५ लिटरांची. गच्चीवर हजार लिटरांची टाकी होती, परंतु ती रात्री रिकामी होई आणि भरावयाची ती सकाळी, नळ गेल्यावर. आता नळ चालू असतानाच पंप लावतो. त्यामुळे टाके खाली पुन्हा भरते आणि वरची टाकीही भरलेली राहते.

"मग आणखी मोठेच टाके का नाही बांधले?" असे शेजारी विचारतात. पाणी फार दिवस साठून राहिले तर त्यातील क्लोरीन उडून जाते, आणि असे पाणी पिण्याच्या हंड्यात भरावयास सूनबाई तयार नाहीत. शेजाऱ्यांचे टाके या महिन्यात निघणार आहे. मोजपट्टी कालच त्यांच्याकडे गेली आहे.