शंभर नावांची यादी

मागच्या चातुर्मासात माझी भाची एका संध्याकाळी आमच्याकडे आली. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून मी भांडी आवरत होते. तिनं पर्समधून एक गुळगुळीत पुस्तिका काढली, दोन डब्या काढल्या आणि शेवटी एक वही. वहीत तिनं शंभर नावं लिहिली होती. पहिलं नाव माझं, दुसरं तिच्या सासूबाईंचं, मग भिशीतल्या बाया, मंदिरात भेटणाऱ्या, मुलाच्या शाळेतल्या आया. "मावशी, दशलक्षण पर्वात सगळ्या एका ठिकाणी भेटतील की," ती म्हणाली. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण त्याचं कारण मी तेव्हा सांगितलं नाही.

योजना अशी होती. बारा हजार भरले की पंधरा हजार छापील किमतीच्या क्रीम, सीरम, फेसवॉश घरी येणार. पुढे दर महिन्याला किमान बत्तीसशेचा माल घेतला तरच ती 'ॲक्टिव्ह' राहणार. आपण ज्यांना जोडू त्यांच्या खरेदीवर पाच टक्के. टिळकवाडीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक झाली होती. तिथं व्यासपीठावर एका बाईनं आपला लाखाचा चेक मोठा करून दाखवला होता. भाचीला तो चेक पाठ झाला होता.

मी एकतीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले. चेक दाखवला की मला आधी त्या खात्यातून काय गेलं ते बघावंसं वाटतं. मी विचारलं, "त्या बाईंनी तेवढ्याच महिन्यांची खरेदीची बिलं दाखवली का?" "नाही गं, असं कोण दाखवतं?" "मग बारा महिन्यांचं पासबुक आणि बारा महिन्यांची बिलं, दोन्ही एकदम माग. एक दाखवून दुसरं ठेवून घेतलं तर समज." तिनं मागितली. तिकडून उत्तर आलं, निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. एक क्रीमची डबी ५० ग्रॅमची, छापील किंमत ५००, हिला ४०० ला पडते. महिन्याला बत्तीसशे म्हणजे आठ डब्या. आठही छापील किमतीला गेल्या तर सुटतात आठशे रुपये. पण आपल्या गावात ओळखीची बाई छापील किमतीला काही घेते का? दहा टक्के तरी ती कमी करायला लावतेच, तिथं चारशे गेले. आणि क्रीम बघायला म्हणून एक डबी उघडावी लागते, बोट लावून वास घेतल्याशिवाय कोण घेईल? ती चारशेची डबी कायमची गेली. म्हणजे हातात काहीच नाही, उलट पन्नास रुपयांचा तोटा. रिक्षा, फोन, उधारी यात मी धरलीच नव्हती.

"म्हणून तर टीम करायची ना," ती म्हणाली. इथंच खरी मेख होती. एका बाईच्या बत्तीसशेवर पाच टक्के म्हणजे १६० रुपये. महिन्याला दहा हजार हवेत तर त्रेसष्ट बाया हव्यात, त्याही दर महिन्याला न चुकता घेणाऱ्या. बरं, त्या त्रेसष्ट जणींनाही हीच दहा हजारांची आशा दाखवली आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकीला त्रेसष्ट, म्हणजे ३,९६९. त्यांच्या खाली आणखी एक पायरी घेतली की आकडा २,५०,०४७ होतो. बेळगाव शहराची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्याच पाच लाखांच्या आत आहे. त्यातल्या निम्म्या बाया धरा, त्यात अंथरुणाला खिळलेल्या आजीही आल्या आणि पाळण्यातल्या मुलीही. तिसऱ्या पायरीला गाव संपतं. भाचीनं गुणाकार दोनदा करून बघितला. मग ती गप्प झाली, पण पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, सगळ्या जणी थोड्याच पुढे जातात, आपण गेलो तर? ती खोटंही बोलत नव्हती. वरच्या दोनचार जणींना पैसे मिळतात. ते खालच्या बायांच्या बत्तीसशेतून मिळतात, एवढंच.

मी तिला एक प्रश्न विचारला. तो पुढेही मी दोघीतिघींना विचारला आहे. या योजनेत नसलेली, कमिशनची आशा नसलेली एखादी बाई, निव्वळ ही क्रीम आवडली म्हणून पाचशे रुपये देऊन दुसऱ्यांदा घेईल का? घेत असेल तर हा धंदा आहे, मग त्यात कष्ट किती तो वेगळा हिशेब. नसेल तर माल सगळा योजनेतल्या बायाच घेतायत, वर राहण्यासाठी. मग ती क्रीम हे नुसतं निमित्त. साखळीतल्या लोकांच्याच पैशावर वरच्यांना कमिशन, असली पिरॅमिड योजना चालवायला आपल्याकडे बंदी आहे. थेट विक्रीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये जे नियम आले, त्यात ते स्पष्ट आहे. त्याआधी २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतही होतं की सामील होण्याची फी घ्यायची नाही, विकली जाण्यासारखी आहे त्यापेक्षा जास्त मालाची सक्ती करायची नाही, आणि न विकलेला चांगला माल परत घ्यायचा.

"फी नाहीच घेत ते. किट आहे," भाची म्हणाली. होय, नाव किट आहे. पण ते न घेता आत येता येत नसेल तर त्याला मी तरी फीच म्हणेन. माल परत घेण्याचं कलम आम्ही पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शोधलं. तीस दिवस, सील न फोडलेला, मुदत शिल्लक असलेला. आता बघा, तीस दिवसांत बाईला आपला माल विकत नाही हे कळतच नाही. त्या महिन्यात तर आई, सासू, बहीण घेतात! दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळतं, तेव्हा कलम संपलेलं असतं. उघडलेली डबी तर कधीच परत जात नाही. आणि क्रीम म्हणजे साडी नव्हे, ती कपाटात पडून राहिली की तारीख निघून जाते.

डब्याही आम्ही चष्मा लावून वाचल्या. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, वापरायची मुदत आणि घटक हे सौंदर्यप्रसाधनावर छापलेलं असायलाच हवं. क्रीमवर सगळं होतं, खोटं कशाला बोलू. घटकांत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन. बाजारातल्या शंभर-दोनशेच्या क्रीममध्येही सुरुवात हीच असते. पुस्तिकेत मात्र 'दुर्मिळ वनस्पतींचा अर्क' मोठ्या अक्षरात होता. डबीवर तो यादीच्या तळाशी, सुगंधाच्या जवळपास सापडला. त्या पुस्तिकेतल्या लिपस्टिकच्या घटकांत सी. आय. ७५४७० असं होतं. हा लाल रंग किड्यांपासून करतात. भाचीची निम्मी यादी मंदिरातल्या बायांची, आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा चिडली. माझ्यावर नव्हे, त्या बैठकीतल्या बाईवर.

तरी मी तिला नाही म्हटलं नाही. आपण नाही म्हटलं की मुलगी आपल्याला न सांगता पैसे भरते, हे मी बघितलंय. मी म्हटलं, किट घेऊ नको, पण त्या बाईकडून सहा डब्या घे. नातेवाईक, भिशी आणि मंदिर सोडून दुसरीकडे विक. टीमबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, नुसती क्रीम विकायची. आणि दीड महिन्यानं त्याच बायांना विचार, अजून हवी का.

ती बाई सहा डब्या द्यायला तयार नव्हती. "सुट्या घेऊन तुझं करिअर कसं होणार?" असं म्हणाली म्हणे. शेवटी दिल्या. चोवीसशे रुपये गेले. एक डबी दाखवायला उघडली. चार विकल्या गेल्या, दोन पाचशेला, दोन साडेचारशेला, म्हणजे एकोणीसशे आले. एक राहिली. दीड महिन्यानं चौघींपैकी एकीनं पुन्हा मागितली, तीही म्हणाली की चारशेला देत असशील तर. बाकीच्या तिघींना क्रीम वाईट वाटली नव्हती. त्यांनी नुसतं सांगितलं की खडेबाजारात याच्या निम्म्यात मिळते.

भाची हिशेबाची वही घेऊन माझ्यासमोर बसली. पाचशे रुपयांचं नुकसान आणि एक डबी. "बारा हजारांऐवजी पाचशेत सुटलीस," मी म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, तुला हे सगळं इतकं कसं माहीत?"

तेव्हा सांगितलं. २००९ मध्ये मीही असंच किट घेतलं होतं. दुसरी कंपनी, तीच पुस्तिका. मला वाटायचं, मला हिशेब येतो, मला कोण फसवणार. हिशेब मी दुसऱ्यांचा करत होते, आपला केलाच नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी घेतलं, भिडेपोटी. दुसऱ्या महिन्यात लग्नकार्यात मी दिसले की बाया पंगतीत दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. आणि वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, मी स्वतः जोडलं. त्यांनी भिशीचे चौदा हजार भरले. मी शब्द दिला म्हणून भरले, योजना कळली म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी त्यांच्या कपाटातही तारीख गेलेल्या बाटल्या होत्या आणि माझ्याही. माझ्या टाकून देता आल्या.

"मग त्यांचे पैसे?"

"नऊ हजार दिले, हप्त्यानं. राहिलेले पाच त्या घेत नाहीत. म्हणतात, असू दे गं, तुझंही गेलंच की."

भाचीनं वही उघडली आणि शंभर नावांचं पान फाडलं. मग ते दोन घड्या घालून पर्समध्ये ठेवलं, टाकलं नाही. मी विचारलं नाही. वन्सं दर श्रावणात आमच्याकडे येतात, चांगल्या बोलतात. पण तेव्हापासून मी त्यांच्यापुढे काही विकायचं सोडा, एखाद्या दुकानाचं नावसुद्धा घेत नाही. ते पाच हजार त्यांनी घेतले असते तर मला बरं झालं असतं.