मागायची रक्कम आणि पाळायचा शब्द

लोकवर्गणीतून चित्रपट करायचा म्हणून जे दिग्दर्शक माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी अख्ख्या चित्रपटाचं बजेट आणलेलं असतं. तेवढीच रक्कम लोकांकडे मागायची, असं त्यांनी ठरवलेलं असतं. छोट्या चित्रपटांच्या निर्मितीचं नियोजन हे माझं काम, आणि मी आधी विचारते ते एवढंच, की या पैशांतून नेमका कोणता टप्पा पुरा होणार? लोकांनी निम्मे पैसे दिले आणि उरलेले कुठूनच आले नाहीत, तर हातात अर्धवट चित्रीकरण उरतं आणि देणाऱ्यांना दाखवायला काहीच नसतं. म्हणून शक्यतो चित्रीकरण घरच्या, मित्रांच्या पैशांतून उरकावं आणि संकलनानंतरच्या कामांसाठी वर्गणी मागावी, असं मी सुचवते. तोवर दाखवायला खरी दृश्यं असतात, आणि पैसे आले की चित्रपट पुरा होणार याची बऱ्यापैकी खात्रीही असते.

समजा ध्वनी, रंगसंस्कार, सबटायटल्स, सेन्सॉर आणि थिएटरसाठीची डीसीपी, एवढ्यासाठी बारा लाख हवेत. मग लक्ष्य बारा लाखांचं नसतं. क्राउडफंडिंगचा मंच दहा टक्के घेतो आणि पेमेंट गेटवे दोन टक्के, असं धरू. या दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी लागला की चौदा टक्क्यांहून थोडं जास्तच जातं. देणाऱ्यांना पाठवायच्या भेटवस्तू आणि टपालखर्च यांना आठ टक्के. शंभरातले जेमतेम अठ्ठ्याहत्तर हाती उरतात, म्हणजे मागावे लागतात साडेपंधरा लाख. जमलेल्या रकमेवर कर कसा लागेल, हे त्याआधीच सीएला विचारून घ्यायचं. तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता हीच रक्कम माणसांत मोजायची. सरासरी दोन हजार रुपये धरले, तर पावणेआठशे माणसं लागतात. मी दिग्दर्शकाला वहीत नावं लिहायला बसवते. ज्याला फोन करून ‘पैसे दे’ असं स्पष्ट सांगता येईल, त्याचंच नाव लिहायचं. अशी तीनशे नावं निघाली तर, माझ्या अनुभवात, पाचातला एखादा देतो. साठ माणसांनी सरासरी पाच हजार दिले की तीन लाख होतात, लक्ष्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. हे तीन लाख पहिल्या आठवड्यातच दिसले पाहिजेत, कारण अनोळखी माणूस रिकाम्या आकड्यापुढे थांबत नाही. यादी शंभरावरच अडली, तर लक्ष्य खाली आणायचं किंवा मोहीम पुढे ढकलायची. सुरू झाल्यावर दहाव्या दिवशीही फक्त नातेवाईकच दिसत असतील, तर पुढच्या पंधरवड्यात चमत्कार घडत नाही.

किकस्टार्टरवर लक्ष्य गाठलं नाही तर कुणाच्याही खात्यातून पैसे जातच नाहीत. तिथे भारतातल्या निर्मात्याला थेट मोहीम चालवता येत नाही, पण काही भारतीय मंचांनीही हीच पद्धत ठेवली आहे. दुसऱ्या पद्धतीत जमेल तेवढे पैसे ठेवून घेता येतात. ती सोपी वाटते, पण चार लाखांत बारा लाखांचं काम करून देण्याचा शब्द गळ्यात पडतो. ध्वनिमिश्रण अर्धं होऊ शकत नाही, म्हणून मी पहिलीच पद्धत धरून चालते.

देणाऱ्याला काय द्यायचं, यात सगळ्यात महाग पडतो तो टी-शर्ट. हजार रुपये देणाऱ्याला तो कबूल केला की छपाईसह अडीचशे, पाकीट आणि कुरिअरचे शंभरएक, मंच आणि गेटवेचे एकशे चाळीस असे जाऊन चित्रपटाला जेमतेम पाचशे उरतात. वर मापं विचारा, चुकलेली बदलून द्या. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला पाठवायचा तर टपालखर्च शर्टाच्या किमतीच्या वर जातो. त्याऐवजी मी कागदावरच्या आणि पडद्यावरच्या गोष्टी सुचवते: दिग्दर्शकाच्या टिपणांसह पटकथेची पीडीएफ, संकलनात वगळलेलं एखादं दृश्य, संकलकाबरोबर तासभराचं ऑनलाइन बोलणं, श्रेयनामावलीत नाव.

नावाचं काम मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. पैसे देताना माणूस इंग्रजीत नाव लिहितो आणि पडद्यावर ते देवनागरीत हवं असतं. ‘Kale’ म्हणजे काळे की काले, ‘Patki’ म्हणजे पत्की की पाटकी, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. कुणाला आजोबांचं नाव द्यायचं असतं, कुणाला स्वतःचं मुळीच नको असतं. म्हणून पैसे जमल्याबरोबर एक फॉर्म पाठवायचा, त्यात नाव देवनागरीत जसं हवं तसं टाइप करून घ्यायचं, आणि शेवटची तारीख श्रेयनामावली बनण्याच्या महिनाभर आधीची ठेवायची. डीसीपी तयार झाल्यावर चुकलेला एक काना दुरुस्त करायलाही पुन्हा पैसे मोजावे लागतात, आणि आपलं चुकीचं नाव थिएटरात बघणाऱ्या माणसाला आपण काही सांगू शकत नाही.

मोठी रक्कम देणाऱ्याला ‘सहनिर्माता’ म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते श्रेय जरूर द्यावं, पण नफ्यात वाटा नाही हे त्याच ओळीत लिहावं. १९७६च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, पवन कुमार यांनी २०१३चा कन्नड ‘लुसिया’ शंभरच्या वर लोकांच्या साधारण पन्नास लाखांतून केला. ही उदाहरणं सांगून ‘आपणही परतावा देऊ’ असं कुणी म्हटलं की मी थांबवते. कंपनीच्या समभागांचा खासगी देकार वर्षाला दोनशे लोकांपुरता मर्यादित आहे, आणि लोकांकडून परताव्याच्या बोलीवर पैसे घेणं २०१९च्या अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या कायद्यात अडकू शकतं. परताव्याचं बोलायचंच असेल, तर आधी वकिलाकडे जायचं.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र होतात ती ‘चित्रपट घरबसल्या बघायला मिळेल’ या आश्वासनावरून. मोठे महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा मान मागतात, आणि चित्रपट आधीच ऑनलाइन फिरलेला असेल तर नकार येऊ शकतो. पुढे ओटीटीचा करार होतो, त्यात हक्क फक्त त्यांचे असतात, आणि वर्गणीदारांना लिंक पाठवणं कराराचा भंग ठरतं. हॉलिवूडही यात अडखळलं आहे. २०१३मध्ये ‘व्हेरोनिका मार्स’साठी नव्वद हजारांवर लोकांनी सत्तावन्न लाख डॉलर दिले, पण कबूल केलेली डिजिटल प्रत ज्या सेवेवर मिळाली ती अनेकांना चालवता येईना, आणि ज्यांनी चित्रपट दुसरीकडे विकत घेतला त्यांचे पैसे भरून देण्याची तयारी स्टुडिओला दाखवावी लागली. म्हणून मी आश्वासनातच लिहून घेते: ‘महोत्सवांचा प्रवास आणि पहिलं प्रदर्शन झाल्यावर, ठरावीक मुदतीसाठी, पासवर्ड असलेली लिंक.’ विक्रीच्या प्रत्येक मसुद्यात वर्गणीदारांसाठी अपवादाचं कलमही पहिल्याच बैठकीत मागायचं. सही झाल्यावर ते मिळत नाही.

पैसे जमल्यावरची पत्रं याच कारणासाठी महत्त्वाची. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पत्र गेलंच पाहिजे, कळवण्यासारखं काही नसलं तरीही. चांगलं पत्र असं असतं: ‘ध्वनिमिश्रण मार्चमध्ये संपणार होतं. पावसातल्या दोन दृश्यांचे संवाद पुन्हा डब करावे लागत आहेत, नवी तारीख मे अखेर. आतापर्यंत सात लाख खर्च झाले. महोत्सवांची उत्तरं जुलैनंतर कळतील, तोवर लिंक पाठवता येणार नाही.’ काय अडलं, का अडलं, पैसे कुठे आहेत आणि पुढची तारीख कोणती, एवढं त्यात असतं. ‘लवकरच मोठी बातमी’ अशी पत्रं मी जाऊ देत नाही. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला, की आपलं मागचं पत्र अपुरं होतं असं समजून त्याचं उत्तर सगळ्यांनाच पाठवायचं, त्याच आठवड्यात.