दाराबाहेरचा अर्धा तास

आमच्या अभ्यासकेंद्रावर त्या वर्षी बी.ए. मराठीच्या तिसऱ्या वर्षाला चौदा शिक्षार्थी होते. प्रकल्पाचे विषय निश्चित करण्यासाठी सर्वांना केंद्रावर बोलावणे शक्य नव्हते, म्हणून मी ऑनलाइन बैठक घ्यायचे ठरवले. एका शुक्रवारी रात्री गटावर एक सुबक चित्र पाठवले. त्यावर फुलांची चौकट होती, ठळक अक्षरांत ‘प्रकल्पविषयक बैठक’ असे शीर्षक होते, खाली ‘उद्या ७ वाजता’ असे लिहिले होते आणि त्याखाली लिंक होती. सूचना देण्याचे काम मी पूर्ण केले, अशी माझी समजूत होती.

शनिवारी सायंकाळी बैठकीस सहा जण आले. बैठक सुरू असताना पडद्यावर एक नाव तीनदा प्रवेशाची परवानगी मागत होते. ते एखाद्या खेळकऱ्या मुलाने घ्यावे तसे टोपणनाव होते, पुढे दोन आकडे होते आणि छायाचित्राच्या जागी मोटारसायकल होती. कोणी परका आगंतुक असावा, असे समजून मी त्याकडे दुर्लक्ष केले. विषयांची यादी पुरी झाली आणि मी समाधानाने संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संपर्कसत्राला एक काकू लवकर येऊन बसल्या होत्या. वय साठीच्या पुढचे. आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरवून, त्यांवरच प्रकल्प करायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. ती वही त्या दिवशी त्यांच्या पिशवीत नव्हती. त्या म्हणाल्या, “मॅडम, माझं नाव कमी करायला काय करावं लागतं? काल अर्धा तास मी दाराशी उभी होते. आतून कोणी घेतलं नाही. म्हटलं, आपलं हे काम नव्हे.”

ते टोपणनाव आणि ती मोटारसायकल त्यांच्या नातवाची होती, हे मला तेव्हा कळले.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, “काकू, काल काय काय केलंत, ते मला पुन्हा करून दाखवा. मी काही सांगणार नाही, नुसती बघते.” पुढच्या दहा मिनिटांत मला सूचनालेखनाचा जो पाठ मिळाला, तो मी स्वतः वर्गात शिकवत असलेल्या पाठात नव्हता.

काकूंनी माझे चित्र उघडले आणि लिंकवर बोट ठेवले. काहीच झाले नाही. पुन्हा ठेवले, तर चित्र मोठे झाले. चित्रातली लिंक ही लिंक नसतेच, ते केवळ तिचे छायाचित्र असते. संदेशात अक्षरांच्या रूपाने लिहिलेली लिंक निळी दिसते आणि बोट ठेवताच उघडते. चित्रातली मात्र पाहून पाहून टंकावी लागते. काकूंच्या नातवाने ती टंकून दिली होती. ज्यांच्या घरी नातू नव्हता, त्यांच्यासाठी माझ्या फुलांच्या चौकटीत दारच नव्हते.

पुढे गुगल मीट उघडले. ध्वनिमुद्रणाची परवानगी द्यायची का, असे फोनने विचारल्यावर काकूंनी ‘नको’ म्हटले होते. “मुलानं सांगून ठेवलंय, फोन काही विचारील त्याला हो म्हणायचं नाही.” मुलाचा सल्ला शहाणपणाचाच होता. येथे अपवाद का करायचा, हे मी सांगितले नव्हते. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनवर असा नकार दोनदा दिला की फोन तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. मग सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावाखाली जाऊन मायक्रोफोनची परवानगी हाताने द्यावी लागते. म्हणजे मी काकूंना आत घेतले असते, तरीही त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नसता.

तिसरी गोष्ट नावाची. मीटमध्ये आपले नाव म्हणून त्या फोनवरील गुगल खात्याचे नाव दिसते. फोन नातवाचा असेल, तर दाराशी नातू उभा आहे असे आतल्याला वाटते. काकूंच्या बाजूने त्यांची काहीच चूक नव्हती. कोणाच्या फोनवरून येणार, हे विचारण्याचे काम माझे होते.

संपर्कसत्र सुरू झाल्यावर न आलेल्या इतरांकडेही विचारणा केली. रात्रपाळीने पहारा करणाऱ्या एका शिक्षार्थ्याने ते चित्र शनिवारी पहाटे पाहिले. ‘उद्या’ म्हणजे त्याच्या लेखी रविवार झाला आणि ‘७ वाजता’ म्हणजे सकाळी सात. त्या दिवशी सकाळी सातला तो रिकाम्या बैठकीसमोर बसून आला होता. ‘उद्या’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या दिवसाला बांधलेला असतो. वाचणारा तो कोणत्या दिवशी वाचील, हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते.

त्या रात्री मी नवी सूचना लिहिली. लिहिताना काकूंचे बोट डोळ्यांसमोर ठेवले. ते बोट जिथे जिथे थांबले होते, तिथे तिथे एक वाक्य घातले. ती सूचना अशी होती. लिंकमधील अक्षरे येथे नमुन्यादाखल बदलली आहेत.

प्रकल्पाचे विषय ठरवण्यासाठी बैठक
शनिवार, १८ जानेवारी, सायंकाळी ७ ते ७.५०

या निळ्या ओळीवर बोट ठेवावे:
https://meet.google.com/abc-defg-hij

आत येण्यासाठी:
१. फोन मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागेल. While using the app हा पर्याय निवडावा. त्याशिवाय आपला आवाज आम्हांला ऐकू येणार नाही.
२. खाली Join किंवा Ask to join असे बटण दिसेल. ते एकदाच दाबावे आणि थांबावे. आतून परवानगी दिल्यावर आपण आत याल.
३. पडद्यावर मायक्रोफोनचे चित्र असते. त्यावर तिरकी रेघ असेल, तर आपला आवाज बंद आहे. बोलायचे असेल तेव्हा त्यावर बोट ठेवावे.

जवळ ठेवावे: चार्ज केलेला फोन, वही-पेन आणि आपल्या प्रकल्पाचा विषय एका वाक्यात लिहिलेला कागद.

दुसऱ्याच्या फोनवरून येणार असाल, तर तो फोन कोणाचा आहे, हे आधी कळवावे. बैठकीसाठी पैसे, ओटीपी किंवा पासवर्ड कोणीही मागणार नाही. मागितल्यास देऊ नये.

याच लिंकवर शुक्रवारी सायंकाळी ७ ते ७.१५ सराव आहे. अडचण आल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.

खालचा क्रमांक माझा नव्हता. बैठक चालवणाऱ्याचा फोन नेमका त्याच वेळी गुंतलेला असतो, म्हणून वर्गातल्या एका शिक्षार्थिनीला मी बैठकीबाहेर राहून फोन घेण्याची विनंती केली. वेळ पन्नास मिनिटांची ठरवण्यालाही कारण होते. मीटच्या मोफत खात्यावर तिघांची किंवा त्याहून अधिक जणांची बैठक साठ मिनिटांनी संपते. शेवटचा माणूस बोलत असताना दार बंद होऊ नये, एवढी मोकळी जागा राखायची होती.

सूचनेच्या मांडणीत मी दोन पथ्ये पाळली. पहिले, लिंक स्वतंत्र ओळीत ठेवली आणि तिच्यामागे पूर्णविराम दिला नाही. लिंकला चिकटलेले विरामचिन्ह कधी कधी तिचाच भाग समजले जाते आणि मग ती उघडत नाही. दुसरे, पडद्यावर जे शब्द दिसतात, तेच जसेच्या तसे लिहिले. आयुष्यभर शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या मला ‘प्रवेशाची विनंती करा’ असे लिहिण्याचा मोह झाला होता. पण काकूंच्या पडद्यावर ते शब्द नव्हते. जो शब्द वाचणाऱ्याला समोर शोधायचा आहे, त्याचे भाषांतर केले तर तो सापडत नाही. ज्यांच्या फोनची भाषा मराठी आहे, त्यांना हे बटण मराठीत दिसते. म्हणून ते पडद्यावर ‘खाली’ असते, हेही लिहिले.

सूचना बुधवारी पाठवली. शनिवारी पावणेसातला तीच पुन्हा पाठवली, कारण तीन दिवसांत तिच्यावर सुप्रभातांचे आणि वाढदिवसांचे थर चढले होते. लिंक मात्र बदलली नाही. नवी लिंक केली असती, तर जुनीवर बोट ठेवणारा वेगळ्याच, रिकाम्या खोलीत जाऊन बसला असता.

शुक्रवारच्या सरावाला नऊ जण आले. तिघांच्या मायक्रोफोनच्या अडचणी त्या पंधरा मिनिटांतच सुटल्या. शनिवारी बारा जण होते. एका गावी वीज आणि पाठोपाठ नेटवर्क गेल्यामुळे एक शिक्षार्थी येऊ शकला नाही. त्यावर कोणत्याही सूचनेचा उपाय चालत नाही. त्याचा विषय मी रविवारी फोनवर ठरवला. तेरावी माणसे मोजली, तर फोन घेण्यासाठी बाहेर राहिलेली ती शिक्षार्थिनी होती. तिला त्या पन्नास मिनिटांत चार फोन आले.

सातला दोन मिनिटे कमी असताना तीच मोटारसायकल आणि तेच टोपणनाव पडद्यावर उगवले. या वेळी मला ते ओळखीचे होते. मी परवानगी दिली. क्षणभर काळोख दिसला, मग छताचा पंखा आणि मग काकूंचा चेहरा. मायक्रोफोनवर तिरकी रेघ होती. त्यांनी कागदाकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि बोट पुढे आणले. रेघ गेली.

“मॅडम, येतोय का आवाज?”

“येतोय काकू, स्वच्छ येतोय.”

त्यांनी कागदावरचा विषय वाचून दाखवला आणि कोणी सांगितले नसताना वही उघडून आईची एक ओवी म्हटली. बाकीच्यांनी आपापले मायक्रोफोन बंद ठेवले होते, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.