संचाचा हिशेब

आम्ही चौघीजणी घरी मसाला नि चटण्या करून मोबाईलवरून विकतो. विक्री वाढावी म्हणून गेल्या वर्षी सात भेट-संच केले. सगळ्यांच्या नावाची सुरुवात 'कांदा-लसूण मसाला' अशीच. झाले काय, नुसता मसाला शोधणाऱ्यासमोर आधी संचच येऊ लागले. गिऱ्हाइके फोन करून विचारायची, "ताई, सुटा मसाला बंद केला का?"

मग जुनी बिले काढून बसलो. मसाल्याबरोबर शेंगदाण्याची चटणी बरेच जण घेत होते. जवसाची आम्हीच गळ्यात मारत होतो. तेवढी एक जोडी ठेवली, बाकीचे संच काढले. नाव 'भेट-संच' असे सुरू केले, फोटोही डब्याचा.

किमतीची चूक मात्र महागात पडली. मसाला १२०, चटणी ८०, संच १८५. मिरची महागली तेव्हा सुटा मसाला १५० केला, संच तसाच राहिला. म्हणजे सूट पंचेचाळीस! माल, डबा धरून खर्चच १८०. चौघींत उरले पाच रुपये. संच खूप खपतो म्हणून आम्ही खूश होतो, हे विशेष.

आता संच २१५. सूट पंधराच, कारण दोनऐवजी एक पार्सल केल्याने वाचतात तेवढेच. वहीत दोन्ही किमती शेजारी लिहितो. एक खोडली की दुसरीही त्याच दिवशी खोडायची.