ठकीचं खातं

आमच्या घरी जमाखर्चाची वही मी लिहिते. दूध, किराणा, विजेचं बिल, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, सणवार, सगळ्यांची रकान्यांत नोंद असते. मी इथल्या शाळेत तासिकांवर शिकवते, ह्यांची अलिबागला नोकरी आणि घरामागे थोडी सुपारीची वाडी. तेव्हा पैसा मोजूनच खर्च होतो.

ठकी मात्र त्या वहीत कधी नीट बसलीच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात वाडीत झावळ्यांच्या ढिगाखाली मुलाला ती सापडली. ह्यांचं म्हणणं, गावठी कुत्री, तिला कसला आलाय खर्च? उरलासुरला भात आणि मासळीचं पाणी खाईल. सुरुवातीचे दिवस तसंच चाललं. पुढे कळलं की कांदा-लसणाचं कालवण कुत्र्याला बाधतं, म्हणून तिचा भात आणि मासळी वेगळी शिजू लागली. मग लशी आल्या. लहानपणी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे वर्षातून एकदा. रेबीजची तर चुकवायचीच नाही. तीन महिन्यांनी जंताची गोळी. आणि वाडीतल्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध. गोचिडाचा ताप कुत्र्याचं रक्त आटवतो, म्हणून त्यात काटकसर करू नये हे मी लवकर शिकले. २०२४ साली हा सगळा औषधपाणी खर्च वर्षाला चार हजार आठशे रुपये, म्हणजे महिन्याला चारशे होता. जेवणाचे नऊशे वेगळे. तेरा शेच्या आकड्यावर मी खूष होते.

एक खर्च मी जाणूनबुजून टाळला होता. २०१८ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून पिशवी आणि अंडाशय काढून टाका, चार हजार लागतील. त्या महिन्यात घराचे नळे बदलायचे होते. शिवाय सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकदा तरी तिला पिल्लं होऊ दे. बाईचा जन्म आहे तिचा." राहिलं ते राहिलंच. ती माजावर आली की आम्ही दार लावून घ्यायचो. एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून माज थांबवायचं इंजेक्शनही दिलं. स्वस्त पडलं, म्हणून बरंही वाटलं.

२०२४ च्या श्रावणाच्या सुरुवातीला ती माजावर आली. पुढे गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी बघते तो ठकीचं पाण्याचं भांडं रिकामं. भरलं, पुन्हा रिकामं. मी म्हटलं, उकाडा आहे. दोन दिवसांनी तिने भात हुंगून सोडला, रात्री ओकली, आणि जी कुत्री आठ वर्षांत कधी घरात घाण करत नव्हती (आठ कुठली, सातच!) तिने पडवीत लघवी केली. मला उगाच शंका आली म्हणून मी तांब्याने पाणी मोजून ठेवलं. दिवसात दोन लिटरच्या वर गेलं. चौदा किलोच्या कुत्रीला एरवी लिटरभरही लागत नाही. पोटही जरा फुगल्यासारखं वाटत होतं. पण बाहेर काही दिसत नव्हतं, ना रक्त ना पू. ह्यांनी तापाची गोळी द्यायचं मनात आणलं होतं. मी देऊ दिली नाही. माणसाच्या कितीतरी गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या असतात.

रिक्षा केली, नागाव-आक्षीवरून अलिबाग गाठलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा माज कधी?" मी श्रावण म्हटल्यावर त्यांनी लगेच सोनोग्राफी केली. पिशवी पुवाने भरलेली होती. त्याला पायोमेट्रा म्हणतात.

त्यांनी समजावलं ते मी तिथेच नीट ऐकलं, कारण कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत ही माझी सवय. माज संपल्यावर कुत्रीच्या अंगात जवळजवळ दोन महिने गरोदरपणाचं संप्रेरक चालू राहतं, मग नराशी संबंध आलेला असो वा नसो. पिशवीचं अस्तर जाड होतं आणि आत स्राव साठतो. त्यात आतड्यातले जंतू शिरले की पू होतो. दर माजाला ते अस्तर आणखी बिघडत जातं, म्हणून हा आजार बहुधा मध्यम वयानंतर गाठतो. आणि ते स्वस्त इंजेक्शन? त्यातही तसंच संप्रेरक असतं, त्याने धोका वाढतो. जंतूंचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं, म्हणून एवढी तहान. पिशवीचं तोंड उघडं असलं तर पू बाहेर येतो, माणूस लवकर सावध होतो. ठकीचं तोंड मिटलेलं होतं. अशी पिशवी आत फुटली तर सगळं संपलं.

"ऑपरेशन आज रात्रीच," डॉक्टर म्हणाले आणि आकडा सांगितला. हे गप्प झाले. कुणीतरी सुचवलं, मुंबईला परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं धर्मादाय पशुरुग्णालय आहे, तिथे न्या. पण मांडव्याहून बोट आणि पुढचा प्रवास तिला झेपणार नव्हता. मी घरी सासूबाईंना फोन केला. खरं तर त्या नको म्हणतील आणि निर्णय माझ्यावरून टळेल, असं कुठेतरी मनात होतं. त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझी पिशवी काढली तेव्हा कुणी हिशेब केला होता का? काढा तिची."

बिलाचा कागद अजून वहीत चिकटवलेला आहे. सोनोग्राफी बाराशे, रक्ताच्या तपासण्या चौदाशे, भूल आणि ऑपरेशन चौदा हजार, सलाईन-औषधं चार हजार सहाशे, तीन दिवस ठेवून घेतलं त्याचे अठराशे, रिक्षांचे दीड हजार. एकूण २४,५००. ऑपरेशन तेच, फक्त निरोगी कुत्रीवर चार हजारांत झालं असतं. वीस हजार भिशीचे आले. शाळेतल्या बाईंनी आपली पाळी मला दिली, तिच्या घरी डिसेंबरात बारसं असूनही. बाकीचे सुपारीच्या पैशांतून काढले, म्हणून त्या दिवाळीत मुलाचे नवे कपडे झाले नाहीत. त्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही, तरी मला ते लागून राहिलंय.

ठकी वाचली. पंधरवडाभर पोटाला पट्टा बांधून पडवीत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे दुखावल्यासारखी बघायची.

आता वहीत तिचं वेगळं पान आहे. खाणं आणि औषधपाणी झाल्यावर महिन्याला पाचशे रुपये पोस्टाच्या एका वेगळ्या बचत खात्यात टाकते. तसं मोजलं तर एवढ्या बिलाएवढी रक्कम जमायला चार वर्षं लागतील. पहिल्या वर्षी काही झालं असतं तर खात्यात सहा हजारसुद्धा नसते. म्हणून ह्यांच्याशी बसून ठरवून टाकलं की तेवढ्यात आजारपण आलंच तर भिशीची पाळी मागायची आणि कुठपर्यंत जायचं तो आकडाही आधीच लिहून ठेवायचा. रात्री दवाखान्यात उभं राहून तो आकडा ठरवता येत नाही. किती लिहिला ते सांगत नाही. त्यावरून आमचं अजून भांडण आहे.

मागच्या महिन्यात मुलाने मांजरीचं पिल्लू आणलं. मादी आहे. सासूबाईंनी आधी तिला दूध दाखवलं, मग माझ्या हातात वही दिली. म्हणाल्या, "पिशवीचे आधी लिही."