हायमाट, वतन आणि गाव

जूचंद्रला आमच्या शेजारची मुलगी जर्मनीत शिकते. ती माझी जुनी विद्यार्थिनी. गेल्या रविवारी तिचे अब्बा तिचं पत्र घेऊन आले. चेहरा उतरलेला. "बाई, वाचा हे. पोरीने गाव बदललं."

झालं असं, की तिकडे भाषेच्या वर्गात 'हायमाट' या शब्दावर निबंध लिहायचा होता. हायमाट म्हणजे आपली भूमी, आपलं घरगाव. तिने लिहिलं जूचंद्र. नायगावकडची मिठागरं, दिव्याला जाणारी गाडी, दिवाळीतली रांगोळी प्रदर्शनं, सगळं होतं. खेडचं नाव नव्हतं. अब्बांचं म्हणणं, "आमच्या वडिलांची कबर खेडला. मग गाव कुठलं?"

मी पत्र मोठ्याने वाचलं.

"अब्बा, अम्मी, अस्सलामु अलैकुम. हा शब्द आधी भावनेचा नव्हता, हक्काचा होता. दक्षिणेकडे तर वडिलोपार्जित घर-शेतालाच हायमाट म्हणत. 19व्या शतकात माणूस गरिबीत पडला, तर त्याला सांभाळायची जबाबदारी त्याच्या हायमाटच्या गावावर असे. म्हणून कामासाठी शहरात आलेला मजूर आजारी पडला, की त्याला गावी परत धाडत, मग तिथे त्याला ओळखणारं कुणी असो वा नसो. मुलांना हा हक्क बापाकडून मिळे आणि लग्न झालं की बाईचं हायमाट नवऱ्याचं होई. पुढे नाझींनी हा शब्द इतका वापरला, की इथल्या माझ्या मैत्रिणी आजही तो जपून उच्चारतात. परक्यांना बाहेर ठेवायला तो परत वापरला जाईल, ही भीती त्यांना वाटते."

इथे मला आपला 'वतन' आठवला. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत मात्र पाटील-कुलकर्ण्यांचा वंशपरंपरागत हक्क आणि त्यासोबतची जमीन. वतनं कायद्याने गेली, पण "गाव कुठलं?" असं विचारताना आपण अजून बापाचंच गाव विचारतो. ही मुलगी जूचंद्रला जन्मली, इथेच वाढली. खेडला ती मे महिन्यात आठ दिवस जायची. तरी शाळेत विचारलं की "खेड" म्हणायची. ते उत्तर अब्बांचं होतं.

हे मी त्यांना सांगितलं. ते गप्प राहिले. मग मी शेवटचा परिच्छेद वाचला. घाईत त्यांनी तो वाचलाच नव्हता.

"अब्बा, मला दोन्ही गावं लिहायची होती. पण हायमाटचं अनेकवचन इथे सहसा करत नाहीत. एकच निवडायचं होतं, म्हणून जिथे तुम्ही दोघं आहात ते लिहिलं."

अब्बांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बाई, मराठीत गावाचं अनेकवचन होतं ना?"

"होतं की. गावं."

"मग तिला तसं कळवा."