सत्तेचाळीस सेकंद

पुणे मागे पडलं आणि डब्यात जागे आम्ही दोघेच उरलो. माझं जागणं नवं नव्हतं, सात महिन्यांचं होतं. दहाला पाठ टेकायची, बाराला कूस बदलायची, तीनला उशी उलटी करायची. झोपेला जितकं जपावं तितकी ती लांब पळते, हे एव्हाना कळलं होतं. कळून उपयोग नव्हता.

समोरच्या बर्थवरच्या काकांनी पानाची चंची सोडली. "झोप येत न्हाई का ओ?"

"येत नाही. पूर्वी गाडीत तरी लागायची, चाकांच्या खट-खटीवर."

"ती खट-खट गेली की आता." ते कुर्डुवाडीचे, तिथल्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर. उमेदीची वर्षं बार्शी लाइटवर गेलेली. 1897 साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची ती गाडी, पुढे एका अंगाला लातूर आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत पोचलेली. तिच्याबद्दल ते घरातल्या थकलेल्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलत होते.

"मोठ्या लाइनीचा रूळ तेरा मीटरचा. दोन रुळांत फट, फटीवर चाक आपटलं की खट. घड्याळ धरून सत्तेचाळीस सेकंद खट मोजायचे. जेवढे भरतील तेवढे किलोमीटर ताशी वेग." मी मनात गुणाकार करून पाहिला, जमत होता. "आता रूळ वितळवून जोडत्यात. लांबच्या लांब सलग. फक्त स्टेशनाच्या पॉइंटांवर खडखडतं. जंक्शन आलं की जास्त."

दौंड गेलं. भिगवण गेलं. काकांनी चादर ओढली आणि सहज म्हणाले, "तुम्ही जागेच हाय, मला कुर्डुवाडीला उठवा. केम गेलं की हाक मारा."

ही जबाबदारी मला भलतीच आवडली. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या जागण्याचं कुणाला तरी काम होतं. मी ताठ बसलो. झोपायचा विचारच सोडला. झोपून चालणारच नव्हतं. जेऊरच्या पॉइंटांवर डबा खडखडला, मग पुन्हा सगळं सलग झालं. मी आपला खट मोजत होतो, खरं तर नसलेले. एकवीस, बावीस... तेविसावा खट उसाच्या मोळीवर पडला, मोळी म्हशीच्या पाठीवर होती आणि म्हैस म्हणत होती, तिकीट दाखवा. मी खिसा चाचपला.

"चाय, चाय गरम!"

डोळ्यांवर ऊन होतं. समोरचा बर्थ रिकामा, चादरीची चौकोनी घडी. माझा चष्मा नाकावरून निघून उशीशेजारी नीट मिटून ठेवलेला, आणि पायांवर पांघरूण, जे मी घेतलं नव्हतं.

"कुर्डुवाडी आली का?" मी चहावाल्याला विचारलं.

"मोहोळ चाललंय, साहेब," तो म्हणाला आणि कप पुढे केला.